नॅपसॅकच्या टेबलमधला तो एक डबा

सेकंड इयरला डायनॅमिक प्रोग्रामिंगमधला नॅपसॅक शिकवायचा होता, म्हणजे ठराविक वजन मावणाऱ्या सॅकमध्ये जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा भरायच्या ते, आणि तयार स्लाईड्स हातात मिळाल्या होत्या. एका स्लाईडवर फॉर्म्युला, पुढच्या स्लाईडवर डायरेक्ट पूर्ण भरलेलं टेबल. मधलं काहीच नाही! अजून आठवलं की चिडचिड होते, कारण जे शिकवायचंय ते नेमकं त्या मधेच आहे.

```
wt[i] <= w:  K[i][w] = max(K[i-1][w], v[i] + K[i-1][w-wt[i]])
wt[i] > w:   K[i][w] = K[i-1][w]
```

K[i][w] म्हणजे पहिल्या i वस्तूंतून w किलोत मिळणारी जास्तीत जास्त किंमत, v म्हणजे वस्तूची किंमत, wt म्हणजे वजन. दोन बॅचेसना तसंच शिकवलं, पोरं नुसती मान हलवायची. तिसऱ्या वेळी प्रोजेक्टर बंद केला आणि फळ्यावर रिकामं टेबल काढलं. ट्रेकची सॅक, मावतात 6 किलो. स्टोव्ह 2 किलो, किंमत 3. तंबू 3 किलो, किंमत 5. शिधा 4 किलो, किंमत 6. प्रत्येक वस्तू एकच. प्रत्येक वस्तूला एक ओळ, कॉलम 0 ते 6 किलो, आणि 0 चा कॉलम नि सगळ्यात वरची शून्यांची ओळ काढायचीच, त्या नसल्या की पुढे वजाबाकी करून जायचं कुठे?

स्टोव्हची ओळ पटकन झाली: 0 0 3 3 3 3 3.

गाडी अडली ती तंबूच्या ओळीत, 5 च्या कॉलमला. तंबू नाही घेतला तर बरोब्बर वरचा आकडा, 3. घेतला तर 5 मिळाले, पण 3 किलो गेले, उरले 2, मग त्या 2 किलोत जास्तीत जास्त काय बसतं ते आधीच लिहून ठेवलंय, एक ओळ वर नि तीन घरं डावीकडे, तिथे 3. म्हणजे 5 + 3 = 8. इथे मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण वरच्याच ओळीत का बघायचं, आपल्याच ओळीत का नाही?"

मी उत्तर दिलं नाही, म्हटलं तसंच भर बघू, पहिल्या ओळीपासून. तंबूच्या ओळीत 6 च्या घरात 10 आले. "सर, यात तर तंबू दोनदा घेतलाय!" वर्ग एकदम जागा झाला. वरच्या ओळीला तंबू माहीतच नाही, म्हणून तो दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. हे त्यांनीच सांगितलं आणि मला जाम भारी वाटलं.

बरोबर भरलं तर तंबूची ओळ 0 0 3 5 5 8 8, शिध्याची 0 0 3 5 6 8 9. उत्तर 9. किलोमागे जास्त किंमत बघून आधी तंबू उचलला असता तर मग फक्त स्टोव्ह मावला असता, 8 वरच अडकलो असतो.

हो, एक राहिलं, प्रत्येक डब्यातून ज्या घरातून आकडा आला तिकडे खडूने बाण काढा. मग काय काय घेतलं ते उलटं शोधता येतं: 9 च्या वर 8 आहे, आकडा बदलला म्हणजे शिधा घेतला, म्हणून एक ओळ वर नि 4 घरं डावीकडे. तिथे 3, वरही 3, तंबू नाही. त्याच्या वर 0, म्हणजे स्टोव्ह घेतला.