ओळंब्याची सावली आणि मागची रांग

डिसेंबरातली तक्रार होती. छतावर दोन रांगांत आठ-आठ सोलर पॅनल, उन्हाळ्यात वीज ठीक यायची, पण थंडीत मागची रांग फार मागे पडली होती. काकांच्या मते स्ट्रक्चरची दिशाच चुकली होती. फोनमधला कंपास वीस अंशांचा फरक दाखवत होता, आणि त्यांना सगळं उखडून पुन्हा बसवायचं होतं.

लोखंडी सांगाड्याजवळ फोनच्या कंपासवर मी कधीच विसंबत नाही. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधल्या वेळी ओळंबा सोडला. त्याची सावली नेमकी उत्तर-दक्षिण पडते आणि पॅनलच्या कडा तिच्याशी समांतर होत्या. तोंड दक्षिणेलाच होतं. खरं तर वीस अंशांची चूक असती, तरी वर्षाला जेमतेम एखादा टक्का वीज कमी झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला क्लॅम्प मीटर लावला. पुढच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे पुढच्या रांगेत एकामागोमाग जोडलेल्या पॅनलमध्ये, ६.१ अँपिअर, मागच्या स्ट्रिंगमध्ये ३.४. मी वाकून पाहिलं, तर मागच्या प्रत्येक पॅनलच्या खालच्या कडेवर वीतभराला थोडी कमी अशी सावली होती. एवढीशी सावली, पण तिनं झाकलेले सेल उरलेल्या सेलचा प्रवाह अडवतात, त्यामुळे पॅनलचा खालचा अर्धा भाग जवळजवळ बंद पडतो. साडेदहाला सावली सरकली, दीडनंतर परत आली.

कारण होतं कलात. जागा २० उत्तर अक्षांशावर, आणि पॅनल ३० अंशांवर उभे. दोन मीटरच्या पॅनलची मागची कड त्यामुळे पुढच्या कडेपेक्षा एक मीटर वर जाते. डिसेंबरात सकाळी नऊला तिच्या सावलीला सव्वा मीटर मोकळी जागा लागते, रांगांमध्ये होती एकच मीटर.

"काका, स्ट्रक्चर उखडू नका, मागचे पाय कापून कल १५ अंशांवर आणू."

"पण थंडीत सूर्य खाली असतो, मग कल जास्तच नको का?"

प्रश्न रास्त होता. कल कमी केला की डिसेंबरातल्या दुपारी थेट ऊन सुमारे दहा टक्के कमी मिळतं. पण जूनमधल्या दुपारी तेच सुमारे चौदा टक्के जास्त मिळतं. वर्षाच्या बेरजेत या अक्षांशावर १५ अंशांचा कल आणि अक्षांशाइतका २० अंशांचा कल यांत फरक एक टक्काही नाही. आणि मागची कड अर्धा मीटरवर आली की सावलीला ६५ सेंटिमीटर पुरतात. आडवं झाल्यामुळे पॅनल थोडं जास्त जागा खातं, तरी ८० सेंटिमीटर उरणार होते. १० अंशांखाली मात्र मी जाऊ दिलं नसतं, पावसाचं पाणी नीट ओघळत नाही आणि खालच्या कडेला धूळ साचते.

आठवड्यानं पाय कापून झाले. नऊ वाजता पुन्हा मीटर लावला. पुढची स्ट्रिंग ५.४, मागचीही ५.४. काकांनी पुढचा आकडा कमी झाल्याचं लगेच हेरलं, आणि मग वहीत दोन्हींची बेरीज मांडली.