सागवानी दार, भाग 3: चौकट अखेर भिंतीत बसली

ब्लेंडरमध्ये जुन्या सागवानी दाराचं 3D मॉडेल करतोय. त्याच्या मागच्या रेंडरवर मित्र म्हणाला, "भावा, हे दार न्हाई, दाराचं पोस्टर चिकटवलंय." राग आला, पण खरं होतं. सागवानाच्या टेक्श्चरवर दोन आठवडे घालवले आणि चौकट मात्र भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून जेमतेम दोन इंच आत ठेवली.

म्हणून रविवारी टेप घेऊन कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेत आत्याकडं गेलो. मॉडेल तिच्याच पूर्वमुखी दाराचं आहे. भिंत 350 मिमी, चौकटीचं लाकूड 125 बाय 75, झडप 38. चौकट भिंतीच्या आतल्या तोंडाशी सपाट बसवलेली, म्हणजे बाहेरून 225 मिमी भिंतच दिसते. दार आत उघडतं, त्यामुळं झडपेची खाच चौकटीच्या आतल्या बाजूला असते आणि रस्त्यावरून चौकटीचे आणखी 87 मिमी दिसतात. एकूण 312. माझ्याकडं होते 50!

तिथंच दुसरी चूक कळली. मी हौसेनं पितळी बिजागऱ्या बाहेरून दाखवल्या होत्या. आत उघडणाऱ्या दाराची बिजागरी बाहेरून दिसेलच कशी? काढल्या. बाहेर उरल्या कडी, कोयंडा आणि गोल फुल्या.

दाराची भिंतीतली खोली बरोबर आहे का, हे सावलीवरून ताडून पाहिलं. डिसेंबरात सकाळी 9 ला कोल्हापुरात सूर्य थेट पूर्वेपासून साधारण 36 अंश दक्षिणेकडं असतो. खोलीला या कोनाच्या टॅनजंटनं, म्हणजे 0.73 नं गुणलं की आडव्या सावलीची रुंदी मिळते: 312 चे सुमारे 227 मिमी. गेल्या डिसेंबरातल्या फोटोत डाव्या बाजूची सावली बरोबर पहिल्या नक्षीदार दिलह्याच्या, म्हणजे झडपेच्या पट्ट्यांमधल्या फळीच्या, मध्यापर्यंत येते. नव्या रेंडरमध्येही तिथंच आली. जुन्यात ती 36 मिमीची नुसती रेघ होती.

आता तिरप्या उन्हात नक्षीचं पितळ उघडं पडलं. नॉर्मल मॅपवरच्या वेलीला स्वतःची सावली पडत नाही, कडेनं बघितलं की सपाट. सायकल्समध्ये मटेरियलच्या सेटिंगमध्ये `Displacement and Bump` निवडून, जाळी बारीक करून 8 मिमी उठाव दिला. सगळ्या दारावर केलं तर माझं मशीन धापा टाकतं, म्हणून फक्त दिलह्यांवर. चौकटीच्या कडांना 2 मिमी बेव्हल दिला. त्याआधी `Ctrl+A` नं स्केल लावायला विसरलो, तर उभ्या आणि आडव्या कडा वेगवेगळ्या जाडीच्या झाल्या.

लाकडाची रेघ उभ्या पट्ट्यांत उभी आणि आडव्या पट्ट्यांत आडवी फिरवली. आधी सगळीकडं उभीच होती, दार एकाच फळीतून कापल्यासारखं.

पितळाचा घोळ अजून आहे. आत्या चिंचेनं फुल्या घासते, त्यामुळं मधला फुगीर भाग लख्ख आणि लाकडाला टेकलेली कड काळपट. मधला भाग 0.2 रफनेसवर जमला. कड अजून रंग फासल्यासारखी दिसते.