राजपत्रात नसलेले पाच टक्के

19 ऑक्टोबर 2023 ला दुहेरी कर टाळण्याच्या करारांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा नेस्ले प्रकरणातला निकाल आला, तेव्हा माझ्या टेबलावर एका डच कंपनीच्या भारतीय उपकंपनीची फाइल उघडीच होती. जून 2022 मध्ये उपकंपनीने डच मालक कंपनीला 40 कोटी रुपये लाभांश पाठवला होता आणि त्यातून 5 टक्के, म्हणजे 2 कोटी रुपये कर कापला होता. (आकडे मी गोल केले आहेत.) निकाल वाचून संपला तेव्हा कर 5 नव्हे, 10 टक्के कापायला हवा होता हे स्पष्ट झालं. 2 कोटी कमी पडले होते.

कंपनीच्या वित्त अधिकारी बाईंचा फोन आला. "सर, करार तोच आहे. त्यातला एक शब्दही बदललेला नाही. मग चूक झाली कुठे?"

चूक करारात नव्हती. करार देशाच्या कायद्यात कोणत्या दाराने येतो, ते पाहायचं राहून गेलं होतं.

भारत आणि नेदरलँड्स यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार 1988 मध्ये झाला. त्याच्या जोडपत्रात, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, परमानुग्रह कलम आहे. करारवाले त्याला नुसतं एमएफएन म्हणतात. त्याचा आशय असा, की भारताने पुढे ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या सदस्य असलेल्या एखाद्या तिसऱ्या देशाला लाभांशावर कमी दर दिला, तर तोच दर नेदरलँड्सलाही लागू होईल. पुढे स्लोव्हेनिया, लिथुआनिया आणि कोलंबिया यांच्याशी झालेल्या करारांत भारताने 5 टक्के दर मान्य केला. करार झाले तेव्हा या तिघांपैकी कोणीच ओईसीडीत नव्हतं. स्लोव्हेनिया 2010 मध्ये आला, लिथुआनिया 2018 मध्ये आणि कोलंबिया 2020 मध्ये. त्याच 2020 च्या एप्रिलपासून आपल्याकडचा लाभांश वितरण कर रद्द झाला आणि लाभांशावर भागधारकाच्या नावाने कर कापायची पद्धत परत आली. त्यामुळे इतकी वर्षं कागदावर असलेला प्रश्न एकदम पैशाचा झाला.

आता हेच कलम दोन देशांत कसं वाचलं गेलं ते पाहा. नेदरलँड्स एकमार्गी, म्हणजे मोनिस्ट परंपरेतला देश आहे. तिथल्या राज्यघटनेची कलमं 93 आणि 94 सांगतात, की कराराच्या ज्या तरतुदी सर्वांना बंधनकारक होण्याजोग्या आहेत त्या प्रसिद्ध झाल्या की थेट लागू होतात आणि त्यांच्याशी विसंगत देशी कायदा मागे हटतो. करार आणि कायदा तिथे एकाच इमारतीत राहतात. म्हणून स्लोव्हेनियाच्या सदस्यत्वानंतर डच प्रशासनाने 2012 मध्ये स्वतःचा आदेश काढला, की स्लोव्हेनिया सदस्य झाल्याच्या तारखेपासून भारताबरोबरच्या करारातला दर आपोआप 5 टक्के झाला आहे. त्यांच्या पद्धतीत हे अगदी सरळ आहे.

भारत दुमार्गी, म्हणजे डुअलिस्ट आहे. ब्रिटिश कॉमन लॉ परंपरेतले बहुतेक देश असेच आहेत आणि त्यामागे ठोस कारण आहे. तह करणं हे कार्यकारी सरकारचं काम, कायदा करणं विधिमंडळाचं. मंत्रिमंडळाने परदेशात केलेल्या सहीने नागरिकाचा हक्क किंवा कराचा दर बदलू लागला, तर संसदेला वगळून कायदा होईल. 1969 मध्ये कच्छच्या सीमेच्या निवाड्यावरच्या मगनभाई पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा आखली. करार करायला संसदेची परवानगी लागत नाही. पण करारामुळे नागरिकांचे हक्क किंवा देशाचा कायदा बदलत असेल, तर कायदा लागतो.

प्रत्येक करारासाठी स्वतंत्र कायदा करणं जमणारं नाही, म्हणून संसदेने काही क्षेत्रांत तयार दार बसवून ठेवलं आहे. या फाइलीला लागू असलेल्या प्राप्तिकर कायदा 1961 चं कलम 90 हे असंच दार. त्यानुसार केंद्र सरकार करार करू शकतं आणि राजपत्रात अधिसूचना काढून त्याची अंमलबजावणी करू शकतं. अधिसूचित झालेला करार कायद्यापेक्षा फायदेशीर असेल तर करदात्याला तो घेता येतो. हा अधिकार मोठा आहे, पण तो अधिसूचनेच्या वाटेनेच चालतो.

या फाइलीतला खरा वाद इथेच होता आणि करदात्याचा मुद्दा हलका नव्हता. तो असा, की जोडपत्र हा कराराचाच भाग आहे आणि 1989 मध्ये मूळ करारासोबत तेही अधिसूचित झालं. म्हणजे परमानुग्रह कलम तेव्हाच कायद्यात आलं. स्लोव्हेनियाचा करारही वेगळा अधिसूचित आहे. दोन्ही कागद आधीच दाराच्या आत असताना तिसरी अधिसूचना कशाला? दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये हे मान्य केलं होतं आणि त्या बळावर अनेकांनी 5 टक्के लावले.

सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अंगांनी नकार दिला. पहिलं, परमानुग्रह कलम हे सरकारने दुसऱ्या देशाला दिलेलं वचन आहे. त्याचा परिणाम म्हणून भारतातला दर बदलणार असेल, तर तो बदल कलम 90 खाली अधिसूचित व्हायलाच हवा. दुसरं, 'सदस्य आहे' यातलं 'आहे' हे तिसऱ्या देशाशी करार झाला त्या वेळचं. नंतर सदस्य झालेला देश त्यात बसत नाही.

पहिल्या मुद्द्याचा पुरावा जुन्या राजपत्रातच होता, आणि मला वाटतं तो सगळ्यांनी आधीच पाहायला हवा होता. डच करारातला मूळ दर 10 टक्के नव्हता, 15 टक्के होता. इतर ओईसीडी देशांना कमी दर दिल्यावर याच परमानुग्रह कलमाखाली तो 10 वर आला, पण आपोआप नाही. 30 ऑगस्ट 1999 ची स्वतंत्र अधिसूचना निघाली तेव्हा आला. म्हणजे या दारातून आधी कोण कसं आत आलं होतं, याची नोंद समोरच होती. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रकात हेच सांगितलं. आमच्या फाइलीतला लाभांश त्यानंतर चार महिन्यांनी गेला होता आणि कर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचा दाखला घेतलेला नव्हता. असा दाखला हातात असता, तर निदान कापणाऱ्या कंपनीवर कसूर आली नसती.

बाईंनी मग एक रास्त प्रश्न विचारला, "पण कोर्ट तर आंतरराष्ट्रीय करार बघतातच ना? विशाखा खटल्यात बघितला होता."

बघतात, पण कधी, ते महत्त्वाचं. अधिसूचना किंवा कायदा नसलेला करार भारतात अगदीच मुका नसतो, तो अर्थ लावायला मदत करतो. 1980 मधला जॉली जॉर्ज व्हर्गीस खटला याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. कर्ज फेडता न आल्यामुळे दिवाणी तुरुंगात टाकता येतं का, असा प्रश्न होता. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो, केवळ करारातली देणी फेडण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही कैद करू नये. भारताने तो 1979 मध्ये स्वीकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट लिहिलं, की देशी कायदा बदलेपर्यंत हा करार न्यायालयाला बांधत नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 51 चा अर्थ त्यांनी कराराशी जुळेल असा लावला. नुसती थकबाकी पुरेशी नाही, बेइमानी दिसली पाहिजे. कायद्याच्या शब्दांत तेवढी जागा होती. विशाखा खटल्यात तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर कायदाच नव्हता. कलम 90 मध्ये अशी जागा नाही, कारण अधिसूचना हा शब्द कलमातच लिहिलेला आहे.

राज्यांचा प्रश्नही त्याच दिवशी आला, कारण ही कंपनी जमीन विकत घेत होती आणि मुद्रांक शुल्कातही करारातून काही मिळेल अशी कोणालातरी आशा होती. नाही मिळत. करारात ज्या करांची नावं आहेत तेवढेच त्यात येतात आणि तिथे फक्त केंद्राचे कर आहेत. मात्र याचा अर्थ केंद्राला राज्यांच्या विषयात करार राबवता येत नाही असा नाही. घटनेचं कलम 253 संसदेला कोणताही आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करू देतं, विषय राज्यसूचीतला असला तरी. 1981 चा हवा प्रदूषणाचा कायदा याच दाराने आला, 1972 च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन. कॅनडात हे दार नाही. तिथे केंद्राने आठवड्याची सुट्टी, कामाचे तास आणि किमान वेतन यांवरचे आंतरराष्ट्रीय श्रम करार स्वीकारून तीन कायदे केले, आणि 1937 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ते तिन्ही रद्द केले. करार कॅनडाने केला तरी कामगार हा विषय प्रांतांचा, म्हणून कायदाही प्रांतांनीच करायचा. संघराज्यात दुमार्गी पद्धतीचं दुसरं कुलूप असं असतं. आधी विधिमंडळ लागतं, मग कोणतं विधिमंडळ हे ठरवावं लागतं. आपल्याकडे 253 ने दुसरं कुलूप बरंचसं काढलं आहे, पण कलम उघडून कायदा मात्र कोणीतरी करावाच लागतो. तो आपोआप होत नाही.

फाइलीचा हिशेब त्या संध्याकाळी मांडला. कमी कापलेले 2 कोटी, त्यावर दरमहा 1 टक्का व्याज, म्हणजे महिन्याला 2 लाख. जून 2022 ते ऑक्टोबर 2023 हे 17 महिने, एकूण 34 लाख. लाभांश केव्हाच हॉलंडला पोहोचलेला, त्यामुळे रक्कम भारतीय कंपनीने भरायची आणि मालक कंपनीकडून मागायची. तिकडे उपकंपनीचा असा लाभांश मुळात करमुक्त असतो, म्हणून भारतात जादा गेलेल्या कराची वजावट मिळायला तिथे करच नाही. तो खर्च शेवटी कोणाच्या तरी नफ्यातूनच जातो.

त्यानंतर आमच्याकडे लाभांशाच्या फाइलीत आधी करार निघत नाही. आधी राजपत्र निघतं. मूळ कराराची अधिसूचना, प्रत्येक दुरुस्तीची अधिसूचना आणि परमानुग्रह कलमाखाली काही निघालं असेल तर तीही, तारखेनिशी एका कागदावर लिहायची. शेवटच्या ओळीत 'नाही' असेल, तर दुसऱ्या देशाचा आदेश कितीही स्पष्ट असला तरी दर जुनाच. स्वित्झर्लंडने तर या निकालानंतर आपल्या बाजूचा 5 टक्के दर मागे घेतला आणि 1 जानेवारी 2025 पासून भारतीय भागधारकांनाही 10 टक्के लावायला सुरुवात केली. त्यामुळे त्या कागदावर आता आणखी एक रकाना आहे: समोरच्या देशाने हे कलम आजच्या तारखेला कसं लावलं आहे.