अण्णांचा चॅनेल आणि माझी एक्सेल शीट

सांगलीत एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात मी डीलर आहे. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर शेअर घेतो विकतो, खरं तर अर्धा दिवस लोकांनी मोबाईलवर दाखवलेले हिरवे आकडे बघण्यात जातो. नोव्हेंबर 2025 मध्ये आमचे एक जुने क्लायंट, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान असलेले, आपण त्यांना अण्णा म्हणू, एफअँडओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा सेगमेंट चालू करायचा फॉर्म घेऊन आले. आयुष्यभर बँकांचे शेअर आणि म्युच्युअल फंड यापलीकडे न गेलेला माणूस, म्हटलं अण्णा हे काय मध्येच? तर त्यांनी टेलिग्रामवरचा एक चॅनेल दाखवला. निफ्टी ऑप्शनचे कॉल, म्हणजे कधी काय घ्यायचं त्याच्या टिप्स, तीन महिन्यांची फी 15 हजार, आणि रोज संध्याकाळी प्रॉफिटचे स्क्रीनशॉट.

त्यातला एक स्क्रीनशॉट मी मोठा करून बघितला. काँट्रॅक्ट चालू आठवड्याचाच, प्रॉफिट लाखाच्या वर, आणि क्वांटिटी 1000. इथेच मला हसू आलं. ऑप्शन ठरलेल्या लॉटमध्येच घेता येतात आणि निफ्टीचा लॉट तेव्हा 75 चा होता, म्हणजे क्वांटिटीला 75 ने भाग जायलाच पाहिजे, 975 चालेल, 1050 चालेल, 1000 येणारच नाही. लॉट 50 चा आणि नंतर 25 चा होता तेव्हा 1000 यायचे, म्हणजे जुन्याच स्क्रीनशॉटवर नवीन नाव चिकटवलं असणार किंवा आकडे हाताने टाकले असणार. अण्णांना पटेना, ब्रोकरच्या ॲपचा फोटो खोटा कसा असेल म्हणाले. मग ऑफिसच्या पीसीवर माझंच अकाउंट उघडलं, प्रॉफिटच्या आकड्यावर राइट क्लिक, Inspect, आणि तिथे 48 लाख टाइप केले. पेज रिफ्रेश करेपर्यंत मी 48 लाखांचा धनी होतो. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले.

पण फोटो खोटा निघाला म्हणजे कॉल खोटे असं होत नाही, हे त्यांनीच मला सुनावलं आणि ते बरोबरच होतं. म्हणून सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर बघितला. चॅनेलवर INH ने सुरू होणारा नंबर होता, सेबीच्या साइटवर तो खराच निघाला, फक्त नाव दुसऱ्याच माणसाचं आणि फी मागणारा क्यूआर कोड कुठल्यातरी एंटरप्रायझेसचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून रजिस्टर्ड लोकांसाठी @valid असलेले वेगळे यूपीआय हँडल आलेत, ह्यांच्याकडे ते नव्हतं. माझ्या दृष्टीने इथेच विषय संपला होता, पण अण्णांना कॉलचाच हिशोब पाहिजे होता.

तर मंगळवार ते मंगळवार, एक एक्सपायरी, म्हणजे काँट्रॅक्टची मुदत संपेपर्यंत, असा आठवडा धरला. हे काम त्याच आठवड्यात करावं लागतं, कारण एक्सपायरी झाली की बहुतेक ॲपवरून त्या काँट्रॅक्टचा मिनिटाचा चार्ट गायबच होतो. एनएसईची भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइल, मिळते, पण तिच्यात दिवसाचा हाय आणि लो असतो, त्यातलं आधी कोणतं झालं ते नसतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

गुरुवारचा कॉल घ्या. सकाळी 9:21 ची पोस्ट: 110 च्या वर घ्या, स्टॉपलॉस 90, टार्गेट 130, 160, 200. संध्याकाळी चॅनेलवर फटाके, हाय 198, जवळपास 80 टक्के प्रॉफिट. भावकॉपीत हाय खरोखर 198. पण एक मिनिटाच्या चार्टवर बघितलं तर ऑप्शनचा भाव, म्हणजे प्रीमियम, 9:24 ला 112 झाला, मग पडत पडत 9:50 ला 88, म्हणजे तोटा थांबवायला ठेवलेला स्टॉपलॉस उडाला, आणि दुपारी दोननंतर वर जाऊन 198. त्यांचंच ऐकून स्टॉपलॉस लावलेला माणूस दहाच्या आतच 20 पॉइंट, म्हणजे दीड हजार घालवून बाहेर पडला होता. फटाके वाजले ते स्टॉपलॉस न लावणाऱ्याच्या नावाने.

असे चॅनेलवर दिसणारे 14 कॉल होते आणि त्यांच्या म्हणण्यानुसार त्यातले 12 पास. मी नियम आधी ठरवून घेतला: पोस्टची वेळ झाल्यावर सांगितलेल्या भावाला एंट्री मिळाली तरच धरायचं, एकाच मिनिटात स्टॉपलॉस आणि टार्गेट दोन्ही दिसले तर तोटा धरायचा, प्रत्येकी एक लॉट. तीन कॉलमध्ये भाव उडी मारून पुढे गेला आणि एंट्रीला परत आलाच नाही. पाचमध्ये स्टॉपलॉस आधी, प्रत्येकी 20 पॉइंट. चारमध्ये पहिलं टार्गेट, 20 पॉइंट. दोनमध्ये दुसरं, 50 पॉइंट. म्हणजे 180 वजा 100, आठवड्याला 80 पॉइंट फायदा, सहा हजार रुपये. अण्णा म्हणाले बघा, फायदाच आहे की!

तेव्हा मी पोस्टचे नंबर बघितले. पोस्टची लिंक कॉपी केली की t.me च्या शेवटी एक नंबर असतो, प्रत्येक पोस्टला पुढचा. मध्ये नंबर गाळलेला दिसला तर बहुतेक वेळा पोस्ट डिलीट केलेली असते. चार-पाच फोटो एकत्र टाकले तरी नंबर पुढे सरकतात, त्यामुळे तेवढ्यावरून चोर म्हणता येत नाही. त्या आठवड्यात गाळलेले नंबर बरेच होते आणि त्यांचं काय होतं हे कळायला मार्ग नव्हता. पण अण्णा प्रत्येक कॉल आला की आपल्या साडूंना व्हॉट्सॲपवर पाठवायचे. साडूंकडे चार कॉल असे निघाले जे चॅनेलवर आता नव्हतेच, चारही स्टॉपलॉसला गेलेले. 80 पॉइंट गेले. राहिलं शून्य. वर 15 सौद्यांचा खर्च, आमच्या रेटने ब्रोकरेज आणि टॅक्स धरून सौद्याला साठेक रुपये, म्हणजे 900 रुपये तोटा, आणि चॅनेलची फी अजून धरलेलीच नाही.

त्या 900 मधला मोठा हिस्सा आमच्या ऑफिसचा, हे मला शीट बघताना सारखं टोचत होतं. आमचे मालक तर मागून म्हणालेच, अरे फॉर्म आलाय तर अकाउंट चालू करून टाक, तू काय सेबी आहेस का. सेबीच्याच 2024 च्या अभ्यासात तीन वर्षांत 93 टक्के लोकांचा एफअँडओत तोटा झाल्याचं आलंय, आणि आमच्याकडे रिव्ह्यू मीटिंगमध्ये अजूनही विचारतात ते एफअँडओची नवीन अकाउंट किती. चॅनेलवाल्याला शिव्या देणं सोपं आहे हो.

अण्णांनी फॉर्म परत नेला नाही आणि दिलाही नाही, "असू दे ड्रॉवरमध्ये" म्हणाले. वर मलाच विचारलं, मग तुम्हीच द्या की साहेब कॉल. डीलरला असे कॉल द्यायचा अधिकार नाही हे सांगितलं तर त्यांना ते टाळाटाळच वाटलं.

पुढच्या शुक्रवारी रात्री त्यांचा व्हॉट्सॲप आला, नवीन स्क्रीनशॉट, क्वांटिटी 1500, खाली लिहिलेलं: "साहेब, ह्या वेळी 75 ने भाग जातोय." मी पोस्टची वेळ आणि एंट्रीचा भाव विचारलाय, उत्तर अजून आलेलं नाही.