पाठीवरचं घुंगरू : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. वडील यंत्रमागाचे मोडलेले भाग जोडून द्यायचे, मीही वेल्डिंगच शिकलो. आसपासचे टॉवेल-चादरीचे कारखाने एकेक करून बंद पडत गेले, तसं आमच्याकडचं कामही आटत गेलं. माझी थोरली बहीण पूर्व भागात बालवाडी चालवते. एक दिवस ती म्हणाली, "अरे, माझी पोरं एका खोलीच्या घरातली आहेत. गल्लीत गाड्या, म्हणून आया बाहेर सोडत नाहीत. पोरं पळतात, पण चढायला-रांगायला घाबरतात. काहीतरी बनवून दे." बालवाड्यांसाठी चढायचं-रांगायचं खेळसाहित्य बनवायच्या आमच्या धंद्याची सुरुवात त्या दिवशी झाली.

पहिला संच मी वेल्डरच्या डोक्याने बनवला. तोल सांभाळत चालायची पट्टी जमिनीपासून दोन फूट उंच आणि शिडीला दोन इंची पाइप. बसवला त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. ताईने मात्र आठवडाभर काही न बोलता नुसतं पाहिलं आणि मग मला बोलावलं. "तू फक्त बाईंच्या हाताकडे बघ," म्हणाली.

मी बघितलं. पट्टी उंच, म्हणून बाई प्रत्येक मुलाचा हात धरून चालवत होत्या. मूल आपला भार त्या हातावर टाकून निवांत पुढे सरकत होतं. तोल सांभाळत होत्या बाई! पट्टी जमिनीपासून चार इंचांवर आणली आणि हात सोडायला सांगितला, तेव्हा तीच मुलं दोन्ही हात पसरून, पाय चाचपत, मध्येच थांबत चालू लागली. पाय घसरला तरी तो जमिनीवरच पडतो आणि मूल पुन्हा चढतं. आज आमची सुरुवातीची पट्टी पाच इंच रुंद असते. ती जमली की उलटी करायची, दुसऱ्या बाजूला तीन इंचच. मुलाची नजर पायाकडे खिळली असेल तर पलीकडच्या टोकाला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चित्र लावतो. मान वर आली की चाल सुधारते.

शिडीची चूक जास्त गंभीर होती. दोन इंची पाइपला तीन वर्षांच्या मुलाने मूठ मारली की अंगठा बोटांना भेटतच नाही. मूठ अर्धी उघडी राहते आणि घाम आला की सुटते. आता सव्वा इंची गोल लाकडी दांडेच वापरतो. दांड्यांमध्ये मी सहा इंचांची फट ठेवली होती, ती तर धोक्याचीच. मैदानावरच्या खेळसाहित्यासाठी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार साडेतीन ते नऊ इंचांमधली बंदिस्त फट चालत नाही. तिच्यातून मुलाचं अंग पाय पुढे करून सरकतं आणि डोकं अडकतं. आमच्याकडे असं काही घडलं नाही, पण ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शिडी उतरवून आणली. आता उतरत्या प्लायवरच दांडे बसवतो. मागे प्लाय असल्याने आरपार फटच राहत नाही आणि पायाला टेकू मिळतो. उंची अडीच फुटांच्या वर नेत नाही आणि खाली जाड गादी असतेच.

आमचं खरं शिक्षण मात्र बोगद्याने केलं. रांगण्यासाठी आम्ही पाच फुटांचा लाकडी बोगदा बनवला होता, आत दोन फूट उंच. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन मुलं रडत बाहेर आली. डोक्याला मागून लागलं होतं. मी चौकटीच्या कडेला फोम लावला. रडणं थांबलं आणि मला वाटलं, काम झालं.

ताईला ते पटेना. तिने मला बोगद्याच्या तोंडासमोर जमिनीवर बसवलं. एक चार वर्षांची मुलगी रांगत आली. तोंड उजेडात आलं, समोर बाई दिसल्या, ती हसली आणि उठली. पण पाठ आणि कंबर अजून आतच होती. पाठ वरच्या फळीला आपटली, ती दचकून खाली बसली आणि दोन पावलं रांगून पुन्हा तशीच उठली. पुढची पाच मुलंही तशीच. ताई म्हणाली, "डोळे बाहेर आले की ती समजतात, सगळं अंग बाहेर आलं. आपली पाठ कुठवर आहे हे त्यांना अजून कळत नाही. तू फोम लावून ते कळण्याची सोयच काढून घेतलीस."

म्हणजे मुलाला इजा तर होऊ द्यायची नाही, पण पाठ लागली हे त्याला कळलं पाहिजे. आम्ही बोगद्याच्या तोंडापुढे तीन फुटांपर्यंत दोन्ही बाजूंना खुंट्या रोवल्या आणि त्यांना बोगद्याच्याच उंचीवर आडव्या इलॅस्टिकच्या पट्ट्या ताणल्या. प्रत्येक पट्टीला दोन-दोन घुंगरं. पाठ लागली की छुम् वाजतं, दुखत काहीच नाही. पट्टीचं एक टोक वेलक्रोने चिकटवलेलं असतं. जोर आला की ते सुटलंच पाहिजे, कारण धावतं मूल आलं तर मानेला फास बसायला नको. साधी दोरी इथे कधीही बांधू नका, आणि रांगण्याचा खेळ संपला की पट्ट्या काढून ठेवा.

पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीने घुंगरू वाजवलं. मुलांना तो आवाजच आवडला, मुद्दाम वाजवू लागली. मग बाईंनी खेळ उलटा केला: "मांजर दूध चोरायला निघालंय, आवाज झाला तर आजी उठेल." मुलं पोट खाली घालून सरपटू लागली. तीन आठवड्यांनी बहुतेकांची पाठ पट्टीखालून अलगद जात होती. आम्ही एक दिवस पट्ट्या काढल्या. मुलं बोगद्याबाहेर आल्यावरही दोन पावलं पुढे रांगून मगच उठली. खरी परीक्षा तीच होती.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. फ्रॉक घातलेल्या मुली रांगताना मागे पडतात. कारण गुडघा फ्रॉकच्या घेरावर येतो आणि अंग पुढे ओढलं जातं. बाई आता आधी फ्रॉक कमरेत खोचून देतात, नाहीतर अस्वलासारखं हातापायांवर चालायला लावतात. शहाबादी फरशीवर गुडघे सोलतात, म्हणून खाली सतरंजी हवी आणि ती घसरू नये म्हणून तिच्याखाली रबराची जाळी.

२०२० मध्ये बालवाड्या बंद झाल्या, तेव्हा दीड वर्ष आम्ही टेबलं आणि खिडक्यांची ग्रिलं बनवून दिवस काढले. पुन्हा सुरू झालो तेव्हा लोखंड पूर्ण सोडलं. एका ठिकाणी आमची लोखंडी शिडी अंगणात बसवली होती. एप्रिलमध्ये अकरा वाजता हात ठेववत नव्हता, म्हणून ती परत आणावी लागली. आता लाकूडच वापरतो, आणि सावली नसेल तर संच आत बसवा असं आधीच सांगतो.

ऑर्डर घेताना आम्ही वयाबरोबर दोन मापं विचारतो: गटातलं सगळ्यात लहान मूल रांगायच्या स्थितीत जमिनीपासून पाठीपर्यंत किती उंच आहे, आणि त्याची मूठ सव्वा इंची दांड्यावर पुरती मिटते का. माप कळवायला फोन येतो तेव्हा मागे मुलांचा गोंगाट असतो, आणि बाई बऱ्याचदा म्हणतात, "थांबा हं दादा, तो रांगत पळाला."

सध्या होटगी रोडवरच्या एका बालवाडीचं काम हातात आहे. तिथली खोली अरुंद, चौदा फूट बाय नऊ फूट. बोगद्याला मध्येच एक वळण द्यावं लागणार आहे. वळणावर मूल खांदा आतल्या बाजूला घेतं की नाही ते बघायला ताई या शुक्रवारी माझ्याबरोबर येतेय. घुंगरं तिने आत्ताच बाजूला काढून ठेवलीत.