किलोचा दर शेवटी काढायचा

तुम्ही विचारलंत: "फॅब्रिकेशनच्या टेंडरला भाव नेमका कसा काढायचा? बाजारात किलोला जो दर चाललाय तोच टाकला तर काय बिघडतं?"

बिघडतं ते एका उदाहरणावरून दिसेल. कारखान्यात ६ बाय ४ मीटरचा मेझनीन प्लॅटफॉर्म उभारायचा आहे. खाली चॅनेल-बीमचा सांगाडा, वर ६ मिमी चेकर्ड प्लेट. ड्रॉइंगवरून सगळ्या भागांचं वजन २,००० किलो येतं. खालचे दर समजण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

आधी माल. ड्रॉइंगचं वजन आणि खरेदीचं वजन कधीच सारखं नसतं, आणि 'पाच टक्के वेस्टेज' हा अंदाज कटिंगचा आराखडा न काढण्याचा बहाणा असतो. प्लेट २४ चौरस मीटर लागते. १.२५ बाय २.५ मीटरच्या शीट घेतल्या तर प्रत्येक ४ मीटरच्या पट्टीला एक अख्खी शीट आणि दुसरीचा दीड मीटर तुकडा लागतो. अशा पाच पट्ट्यांना दहा शीट, म्हणजे ३१.२५ चौरस मीटर. १.५ बाय ६ मीटरच्या तीन शीटमध्ये तेच काम २७ मध्ये बसतं आणि वेल्डिंगचे जोडही कमी होतात. फक्त प्रत्येक जोड खालच्या चॅनेलवर येतो ना, ते बघायचं. चॅनेलचंही तसंच: ४ मीटरचे तुकडे १२ मीटरच्या लांबीतून तीन निघतात, ६ मीटरच्या लांबीतून एकच, आणि २ मीटर कोपऱ्यात पडून राहतो. असं मांडून खरेदी २,२०० किलो धरू. ६२ रुपयांनी १,३६,४०० झाले. भंगाराचे पैसे यातून वजा करू नका. ते कधी आणि किती येतील याचा भरवसा नसतो.

वेल्डिंग वायर, गॅस, ग्राइंडिंग व्हील, बोल्ट, रंग मिळून २२,०००. टेम्पो आणि हायड्रा १५,०००.

मजुरी हजेऱ्यांत मोजा. फिटर, वेल्डर आणि दोन हेल्पर, शॉपमध्ये सात दिवस, साइटवर तीन, म्हणजे ४० हजेऱ्या. सरासरी ७५० रोज असला तरी मालकाच्या वाट्याचा पीएफ, ईएसआय आणि बोनस धरून हजेरी ९५० च्या आसपास पडते. ३८,००० झाले. इथवरचा थेट खर्च २,११,४००.

आता खरी गोची, ओव्हरहेड. भाडं, सुपरवायझर, विजेचा स्थिर आकार, घसारा, अकाउंटंट असा महिन्याचा १,८०,००० खर्च समजा. बहुतेक जण तो थेट खर्चावर टक्क्याने लावतात, इथे समजा १४ टक्के. उद्या हेच काम पार्टीने स्वतःचं स्टील देऊन दिलं तर थेट खर्च ७५,००० उरतो आणि ओव्हरहेड जेमतेम १०,५००. शॉप मात्र तेवढेच दिवस अडकलेलं असतं. म्हणून ओव्हरहेड हजेरीवर वाटा. बारा माणसांच्या महिन्याच्या ३०० हजेऱ्यांतल्या २४० च कामांवर लागतात, बाकी मालाची वाट बघण्यात आणि दुरुस्तीत जातात. १,८०,००० भागिले २४० म्हणजे हजेरीला ७५०. या कामाचे ३०,०००, स्टील कुणाचंही असो.

बिल तीन महिन्यांनी सुटणार असेल तर महिना एक टक्क्याने व्याजाचे सुमारे ७,२५० धरा. एकूण खर्च २,४८,६५०.

नफा १२ टक्के हवा आहे. खर्चाला १.१२ ने गुणलं तर २,७८,४८८ येतात आणि विक्रीवर नफा भरतो १०.७ टक्के. विक्रीवर १२ हवेत तर ०.८८ ने भागायचं: २,८२,५५७. जीएसटी याच्या वर, वेगळा.

टेंडरमध्ये किलोचा दर मागितलाय, तर भागायचं कशाने? बहुतेक टेंडरांत बिल ड्रॉइंगवरच्या तक्त्याच्या वजनाचंच होतं. काटछाट आणि वेल्डचं वजन धरत नाहीत, तरी ते कलम स्वतः वाचून घ्या. २,००० ने भागलं की दर १४१.२८. चुकून खरेदीच्या २,२०० ने भागलं तर १२८.४३ वाटतो छान, कदाचित टेंडरही लागेल, पण बिल होईल २,५६,८६० चं. सुमारे ३४,००० च्या नफ्यातले ८,२०० उरतील. बाजारात चाललेला दर कुठल्या वजनावरचा, त्यात रंग आणि उभारणी आहे का, स्टील कुणाचं, हे कुणी सांगत नाही.

वाटाघाटीला बसायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात १२४.३३ लिहून ठेवा. तो ना नफा ना तोटा दर. खाली जायचं तर स्टीलचा आगाऊ पैसा मिळतोय का बघा. मिळाला तर व्याजाची रक्कम बरीच खाली येते आणि तेवढंच सोडता येतं.