चोवीस तासांनंतरच्या कुरड्या

आमच्या घरी उन्हाळ्यात कुरड्या आणि काडीवर गुंडाळून करायचे सरगुंडे होतात. आधी घरापुरते व्हायचे, आता विकायलाही करतो. सासूबाईंचा हात आणि माझा मोबाईल, एवढंच भांडवल. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात रेंज गच्चीवर येते आणि कुरड्याही गच्चीवरच वाळतात, म्हणून इन्स्टाग्रामचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

मागच्या एप्रिलमध्ये मी एका घाण्याचं सगळं काम स्टोरीत टाकलं. गहू भिजत घातले तिथपासून. तीन दिवस रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला, रात्रभर निवळू दिला, पहाटे वरचं पाणी ओतून तो शिजवला आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर घातला. एकूण अकरा स्टोऱ्या. लोकांनी पाहिल्या, ऑर्डरी आल्या, माल गेला.

जुलैत पुण्याच्या एका ताईंचा मेसेज आला. "तुम्ही कुरड्या कशा करता ते दाखवलं होतं ना? माझ्या जावेला पाहायचंय, लिंक द्या." मी प्रोफाइल उघडलं. तिथे चार-सहा फोटो होते, बाकी काही नाही. स्टोरी २४ तासच दिसते हे मला माहीत होतं, पण माझी मलाही सापडणार नाही असं वाटलं नव्हतं.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माय वं, चार दिवस राबलो अन् एका दिवसात पुसून गेलं? मंग कायले टाकतं?"

पुतणी यवतमाळला शिकते, ती रविवारी घरी आली तेव्हा खरी गोष्ट कळली. २४ तास झाले की स्टोरी लोकांपुढून जाते, पण ती तेव्हाच नष्ट झालेली नसते. आपल्या खात्यात आर्काइव्ह म्हणून एक कोठी असते, तिथे जाऊन पडते. ती कोठी फक्त आपल्यालाच दिसते. तिच्यातल्या हव्या त्या स्टोऱ्या निवडून प्रोफाइलवर नावाखाली जे गोल लावतात, ते हायलाइट. गोल आपण काढेपर्यंत राहतो. म्हणजे हायलाइट स्टोरीचं आयुष्य वाढवत नाही, कोठीतला माल पुन्हा दर्शनी मांडतं. कोठीत काही नसेल तर मांडायलाही काही नाही. स्टोरी आली २०१६ मध्ये आणि आर्काइव्ह-हायलाइट डिसेंबर २०१७ मध्ये. म्हणजे सोय जुनी होती, उशीर माझा होता.

आमची कोठी रिकामी होती. "काकू, हे बंद कोणी केलं?" पुतणीने विचारलं. भाच्याने केलं होतं. माझा फोन भरला म्हणून त्याने जागा करून दिली होती आणि त्या भरात सेटिंगमधल्या Archiving and downloading मध्ये जे जे चालू दिसलं ते बंद केलं. तिथे दोन वेगळे खटके असतात. एक स्टोरीची प्रत फोनच्या गॅलरीत उतरवतो, त्याने फोन भरतो. दुसरा Save story to archive, तो फोनमध्ये काही ठेवत नाही, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर राहतं. जागेसाठी पहिला बंद केला असता तर चाललं असतं. त्याने दोन्ही केले. आर्काइव्ह बंद असताना टाकलेली स्टोरी २४ तासांनी गेली ती गेलीच, खटका नंतर चालू करून मागचं परत येत नाही. आम्ही चालू केला तरी एप्रिलच्या कुरड्या आल्या नाहीत.

नशीब असं की मूळ व्हिडिओ मी तेव्हा बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. अकरापैकी आठ तिच्याकडे सापडले. आता ते हायलाइटमध्ये घालायचे तर आधी स्टोरी म्हणून टाकणं भाग होतं, कारण माझ्या फोनमध्ये तरी गॅलरीतला व्हिडिओ सरळ गोलात घालायची वाट सापडली नाही. बाहेर पावसाची झड लागलेली आणि मी गच्चीवर कुरड्या घालतेय असं लोकांना दिसणार, याची मला लाज वाटली. म्हणून मी शहाणपणा केला. आठही स्टोऱ्या क्लोज फ्रेंड्सना टाकल्या. त्या यादीत दोघीच, बहीण आणि पुतणी. वाटलं, कोणाला त्रास नको, दुसऱ्या दिवशी गोल करू.

गोल झाला. मला छान दिसत होता. पुण्याच्या ताईंना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, "कुठे आहे? मला तर काहीच दिसत नाही." मी फोटो काढून पाठवला, त्या पुन्हा म्हणाल्या नाही. अर्धा दिवस मी त्यांनाच ॲप बंद करून उघडा म्हणत होते. मग नवऱ्याच्या फोनवरून माझं प्रोफाइल उघडलं, तिथेही गोल नाही. बहिणीच्या फोनवर होता! स्टोरी ज्यांच्यापुरती टाकली, हायलाइटमध्ये गेल्यावरही ती त्यांच्यापुरतीच राहते. खातं खाजगी असेल तर तसंच, फॉलो करणाऱ्यांनाच गोल दिसतो. तेव्हापासून कुठलाही गोल लावला की मी आधी नवऱ्याच्या फोनवर बघते. आपल्या स्वतःच्या फोनवर सगळं नेहमी बरोबरच दिसतं.

मग लाज सोडली आणि सगळ्यांना दिसतील अशा पुन्हा टाकल्या. पहिल्या स्टोरीवर मोठ्या अक्षरात "एप्रिलमधलं काम" असं लिहिलं. या वेळी क्रम सांभाळला, कारण हायलाइटमध्ये आधी टाकलेली आधी चालते. मला त्या गोलाच्या आत मागेपुढे सरकवायची सोय सापडली नाही. म्हणून गहू भिजवणं आधी, मग चीक, मग शिजवणं, मग सोऱ्या, अशा ओळीने टाकल्या. वाटताना काढलेला व्हिडिओ बहिणीकडेही नव्हता, त्यामुळे आमच्या गोलात गहू भिजतात आणि एकदम चीकच होतो. जाणत्या बायका विचारतात, "मधात काय केलं वं?" मी सांगते.

पुढचं सोपं आहे. प्रोफाइलवर New लिहिलेल्या अधिकच्या खुणेवर बोट ठेवायचं, आर्काइव्हमधल्या स्टोऱ्या एकेक निवडायच्या, नाव द्यायचं. स्टोरी अजून ताजी असेल तर ती उघडल्यावर खालीच Highlight असं बटन असतं, तिथूनही जाते. नावाला जागा थोडी असते. मी "कुरड्या सरगुंडे कशा करतो" लिहायला गेले, ते बसेना, "कुरड्या"वर भागवलं. गोलावरचं चित्र मात्र गॅलरीतून घेता येतं, त्यासाठी वेगळी स्टोरी टाकावी लागत नाही. सासूबाईंनी वाळलेल्या कुरड्यांची चळत निवडली. "माहा फोटो नको," म्हणाल्या, "डोईवर पदर नाई त्यात."

खरी गंमत दिवाळीत झाली. त्या आठांतल्या शेवटच्या स्टोरीवर मी एप्रिलचाच भाव लिहिलेला होता, कारण व्हिडिओवर तो आधीपासून होता. नोव्हेंबरपर्यंत गहू महागला, भाव वाढवला. अमरावतीच्या एका गिऱ्हाइकाने जुना भाव धरून पाच किलोची ऑर्डर दिली आणि म्हणाला, "तुमच्याच प्रोफाइलवर लिहिलंय." बरोबरच होतं त्याचं. स्टोरी २४ तासांत जाते म्हणून आपण तिच्यावर आजचं लिहितो, आजचा भाव, आजचा माल, उद्या गाडी येणार. तीच स्टोरी गोलात गेली की आजचं लिहिलेलं सहा महिने आजचंच वाटत राहतं. वर कोपऱ्यात किती आठवडे झाले ते बारीक अक्षरात येतं खरं, पण भाव बघणारा माणूस ते कशाला बघेल? मी त्याला जुन्या भावात दिलं आणि पाच किलोंवर मजुरी सोडली.

टाकलेल्या स्टोरीवरचा भाव मला बदलता येईना, म्हणून ती गोलातून काढायची ठरवली. ते काम मोठ्या जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी गोलातून काढण्याऐवजी आर्काइव्हमध्ये जाऊन स्टोरीच डिलीट केली, आणि घाईत शेजारची सोऱ्याची पण. गोलातून काढलं तर स्टोरी कोठीत शाबूत राहते, पुन्हा लावता येते. कोठीतूनच काढली की गोलातूनही जाते. दुसऱ्या दिवशी एका बाईने "सोऱ्या कुठे गेला?" असं विचारलं तेव्हा आम्हाला कळलं. सेटिंगमधल्या Your activity मध्ये Recently deleted म्हणून एक जागा आहे. आर्काइव्हमध्ये असलेली स्टोरी डिलीट झाल्यावर तिथे ३० दिवस मिळते. तिथून सोऱ्या परत आणला आणि गोल नीट लावून घेतला. भावाची तिथेच राहू दिली.

आणखी एक, किती लोकांनी पाहिलं याची आस असेल तर सांगते. कोणकोणी पाहिलं ती नावं स्टोरी टाकल्यापासून ४८ तासच दिसतात. त्यानंतर गोल कोण उघडून बघतं ते मला कळत नाही. सासूबाईंना हे पटत नाही. त्या दर आठवड्याला विचारतात, "कोनं पाह्यलं?"

या एप्रिलमध्ये मी दोन प्रकारच्या स्टोऱ्या टाकल्या. कामाच्या, ज्यांवर भाव नाही, तारीख नाही, "उद्या" हा शब्दसुद्धा नाही. त्या गोलात गेल्या. आणि भावाच्या, पिवळ्या पट्टीवर लिहिलेल्या. त्या दुसऱ्या दिवशी गेल्या तर जाऊ देत. वाटायचा व्हिडिओ या वेळी पुतणीने काढला, पण तो कुरड्यांच्या जुन्या गोलात घातला तर सगळ्यात शेवटी चालला असता, कुरड्या वाळल्यावर गहू वाटल्यासारखा. म्हणून सगळा घाणाच नव्याने पहिल्यापासून टाकला, नवा गोल केला, जुना काढून टाकला. सरगुंड्यांचा गोल अजून अर्धा आहे. पीठ वळून काडीवर गुंडाळायचं काम सासूबाई इतक्या झपाट्याने करतात की व्हिडिओत काही कळतच नाही. त्यांना हळू करा म्हटलं तर म्हणतात, "हळू केलं तं वाळते थे, मंग काडीवरून सुटत नाई."